‘जाऊन’खालची लाल रेघ

ग्रीकच्या चाचणीत मत्तयच्या शुभवर्तमानातलं एक वाक्य मराठीत उतरवायचं होतं. विद्यार्थ्याने लिहिलं, ‘जाऊन शिष्य करा’. प्राध्यापकांनी ‘जाऊन’खाली लाल रेघ ओढली, वर ‘जा आणि’ अशी दुरुस्ती केली, समासात ‘ही आज्ञा आहे!’ असं लिहिलं आणि पाचातला एक गुण कापला. तो एक गुण विद्यार्थ्याच्या जिव्हारी लागला. त्याने सरांना पत्र लिहिलं.

हे पत्र मी रचलेलं आहे. त्यातला विद्यार्थी, त्याचे सर आणि तो कापलेला गुण सगळं कल्पित आहे. वाद मात्र खरा आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत जिथे जिथे नव्या कराराची ग्रीक शिकवली जाते, तिथे हे वाक्य आलं की वर्गाचे दोन तट पडतातच. पत्रातलं व्याकरणही खरं आहे, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल. या वाक्याभोवती आपल्याकडे धर्मांतराचं राजकारण आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

आधी प्रसंग सांगतो. वधस्तंभावर मरण पावलेला येशू पुन्हा उठला आहे. उरलेले अकरा शिष्य गालीलातल्या एका डोंगरावर त्याला भेटतात. तिथे तो त्यांना जे काम सोपवतो त्या वाक्याने मत्तयचं पुस्तक संपतं. २८व्या अध्यायाचं १९वं आणि २०वं वचन. त्यात चार क्रिया आहेत : जाणं, शिष्य करणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं. कुठल्याही इंग्रजी किंवा मराठी प्रवचनात या चार आज्ञा म्हणून ऐकू येतात. ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘माथेतेउसाते’, म्हणजे ‘शिष्य करा’. बाकीच्या तीन क्रिया धातुसाधितं आहेत. पहिलं धातुसाधित ‘पोरेउथेन्तेस’. लाल रेघ पडली ती याच्या भाषांतराखाली.

या एका शब्दात ग्रीकने बरंच काही भरून ठेवलं आहे. सेमिनरीत ‘रूप ओळखा’ म्हणून विचारलं की विद्यार्थ्याला सहा गोष्टी सांगाव्या लागतात. मूळ धातू ‘पोरेउओमाय’, जाणे. काळ ऑरिस्ट, म्हणजे क्रिया चालू न दाखवता एकसंध, पुरी झालेली दाखवणारा. प्रयोग दिसायला कर्मणी. मग विभक्ती प्रथमा, लिंग पुल्लिंग, वचन अनेकवचन. नवशिके हमखास फसतात ते कर्मणीत. रूप कर्मणीचं आहे म्हणून काही जण ‘पाठवले जाऊन’ असं लिहून मोकळे होतात. पण या धातूची अशी रूपं अर्थाने कर्तरीच असतात. ‘पाठवले जाऊन’ लिहिणाऱ्याचा गुण कापला, तर त्याने पत्र लिहू नये. आपल्या विद्यार्थ्याने ती चूक केलेली नाही.

आता त्याचं पत्र.

*

आदरणीय सर,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

चाचणीचा पेपर मिळाला. गुणांसाठी हे पत्र लिहीत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण गुण परत मिळाला नाही तरी ‘जाऊन’ परत मिळावं एवढी विनंती आहे.

आपल्याला शंका आली असेल की मी ग्रीक न वाचता रोजच्या मराठी बायबलातलं वाक्य आठवून उतरवलं. शंका रास्त आहे, कारण बायबल सोसायटीच्या आवृत्तीतही ‘जाऊन’ हाच शब्द आहे. पण तिथे पुढे ‘बाप्तिस्मा द्या’ आणि ‘शिकवा’ अशा सरळ आज्ञा आहेत. मी ‘बाप्तिस्मा देत’ आणि ‘शिकवत’ असं लिहिलं आहे. उतरवलं असतं तर तेही उतरवलं असतं.

आपण समासात लिहिलंत की ही आज्ञा आहे. सर, मला ते मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की ‘जाऊन’मध्ये ती आज्ञा आहेच. आई जेव्हा ‘कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन साखर आण’ म्हणते तेव्हा दुकानात जायचं की नाही हे तिने माझ्यावर सोडलेलं नसतं. मी घरातच बसून राहिलो आणि वर ‘आज्ञा फक्त आणण्याची होती, जाणं गौण आहे’ असं व्याकरण तिला सांगितलं, तर पुढे काय होईल ते आपण जाणता. ‘हात धुऊन जेवायला बस’ यात हात धुणं ऐच्छिक नसतं. ‘ऊन’ लागलेल्या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. शेवटचं क्रियापद जसं असेल तसा तो रंगतो. ‘जाऊन आणली’ म्हटलं की हकिगत, ‘जाऊन आणशील का’ म्हटलं की प्रश्न, ‘जाऊन आण’ म्हटलं की हुकूम.

ग्रीक धातुसाधित नेमकं असंच वागतं. मत्तयनेच ते किती वेळा वापरलं आहे ते मी मोजायला बसलो आणि मला नवल वाटलं. दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना बेथलेहेमला धाडतो आणि बाळाचा नीट शोध घ्यायला सांगतो. तिथे जाण्यासाठी हाच शब्द, ‘पोरेउथेन्तेस’, आणि शोध घेण्यासाठी आज्ञार्थ. अकराव्या अध्यायात तुरुंगातल्या योहानाचे शिष्य येशूकडे चौकशीला येतात. जे पाहिलं ते योहानाला जाऊन सांगा, असं तो म्हणतो. पुन्हा ‘पोरेउथेन्तेस’, पुन्हा आज्ञार्थ. सतराव्या अध्यायात पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायचा आहे. तो एकटा आहे म्हणून ‘पोरेउथेईस’ असं एकवचन. यातल्या कुठल्याही ठिकाणी ‘जमलं तर जा’ असा अर्थ निघत नाही.

माझा सगळ्यात भक्कम साक्षीदार याच अध्यायात आहे. कबरेपाशी आलेल्या बायकांना देवदूत म्हणतो की लवकर जाऊन शिष्यांना सांगा. इथे शब्द ‘पोरेउथेईसाय’ असा आहे, कारण ऐकणाऱ्या स्त्रिया आहेत. ‘लवकर’ हा शब्द जाण्याला चिकटून आला आहे. जाणं ऐच्छिक असतं तर त्याची घाई कोण करेल? आणि पुढच्याच वचनात त्या बायका धावत सुटतात. त्यांनी धातुसाधित कसं ऐकलं हे त्यांच्या पायांनी सांगितलं.

सर, आपण वर्गात वॉलेसचं व्याकरण उघडून दाखवलं होतंत ते मी विसरलेलो नाही. धातुसाधित ऑरिस्ट असेल, मुख्य क्रियापदही ऑरिस्ट असेल, ते आज्ञार्थी किंवा निश्चयार्थी असेल, धातुसाधित आधी आलेलं असेल आणि लेखन बहुतकरून कथनाचं असेल, तर धातुसाधित मुख्य क्रियापदाचा अर्थ उचलतं आणि इंग्रजीत ते ‘गो अँड’ असं करावं. इथे या साऱ्या खुणा जुळतात. पण वॉलेस इंग्रजी वाचकासाठी लिहितो. इंग्रजीत ‘जाऊन’ नाही. शब्दशः करायला गेलं तर त्यांच्या हाती ‘हॅविंग गॉन’ येतं, आणि ते आज्ञेपुढे ठेवलं की जाणं आधीच उरकलं आहे असं वाटतं. म्हणून त्यांना वाक्य फोडून दोन आज्ञा कराव्या लागतात. ती त्यांच्या भाषेची अडचण आहे. ती आपण का ओढवून घ्यायची? आपण ‘जा आणि शिष्य करा’ लिहितो तेव्हा ग्रीकवरून मराठीत येत नाही, इंग्रजीत मुक्काम करून येतो.

उलट मराठीत आपल्यापाशी चार वाटा आहेत. ‘बाजारात जा आणि साखर आण’, ‘बाजारात जाऊन साखर आण’, ‘बाजारात जाताना साखर आण’ आणि ‘बाजारात गेल्यावर साखर आण’. पहिल्या दोन्हींत मला पाठवलं जातं आहे. तिसऱ्यात मी निघालोच आहे, साखर वाटेत घ्यायची. चौथ्यात मी केव्हातरी जाणारच आहे असं आई धरून चालली आहे. मी ‘जाताना’ किंवा ‘गेल्यावर’ लिहिलं असतं तर आपण माझे दोन गुण कापले असतेत तरी मी तोंड उघडलं नसतं. ‘जाताना’साठी मत्तयकडे वेगळं रूप आहे. दहाव्या अध्यायात बारा शिष्यांना धाडताना, वाटेने जात घोषणा करत राहा असं सांगायचं आहे, तिथे त्याने वर्तमान धातुसाधित ‘पोरेउओमेनॉय’ घातलं आहे. अठ्ठाविसाव्यात त्याने ते घातलं नाही. हा फरक इंग्रजीत दाखवताना जीव मेटाकुटीला येतो. मराठीत ‘जात’ आणि ‘जाऊन’ एवढ्यात तो दिसतो.

माझ्या मते या वाक्यात आज्ञा एकच आहे आणि ती शिष्य करण्याची आहे. ‘जा आणि’ म्हटलं की दोन होतात. मग मंडळ्या पहिलीवरच खूश होतात, गाड्या काढून दौरे करतात, आणि दुसरी तशीच राहते. जाणं हे दुय्यम आहे हे मत्तयने व्याकरणात सांगितलं आहे. ते आपण का लपवायचं?

पेपरसोबत जोडला आहे. चूक माझी ठरली तर राग मानू नये.

आपला नम्र विद्यार्थी

*

पत्र चांगलं आहे. फक्त शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्याचा तोल गेला आहे, त्याकडे मी नंतर येतो. आधी सरांची बाजू. लाल पेन हातात असलेला माणूस नेहमी आडमुठाच असतो असं नाही.

सरांची भीती कुठून येते ते समजायला हवं. इंग्रजी प्रवचनांतून एक व्याख्या फार लोकप्रिय झाली आहे : मुळात ‘गो’ अशी आज्ञाच नाही, ग्रीकमध्ये फक्त ‘ॲज यू गो’ आहे, म्हणजे तुम्ही जिथे जाता-येता, नोकरी करता, तिथेच शिष्य करा. ऐकायला सोयीची आहे, घर सोडायला नको. ती सांगणारे ‘मूळ ग्रीकमध्ये’ असं म्हणून सुरुवात करतात, त्यामुळे ऐकणारा गप्प बसतो. ही व्याख्या ग्रीकवर टिकत नाही. त्यासाठी वर्तमान धातुसाधित हवं होतं. पण दरवर्षी वर्गात कुणीतरी ती घेऊन येतं, आणि ‘हे आज्ञार्थ नाही, धातुसाधित आहे’ हे अर्धं ज्ञान तिच्या मुळाशी असतं. सरांनी ‘जाऊन’ पाहिलं आणि त्यांना तेच भूत दिसलं. त्यांनी रेघ ओढली ती ‘जाऊन’च्या पाठीमागे लपलेल्या ‘जाता जाता’वर.

सरांच्या बाजूने आणखी एक जोरदार पुरावा आहे. विद्यार्थ्याने तो वापरला असता तर त्याचंच भलं झालं असतं. ख्रिस्ताच्या जन्माआधी काही शतकं अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. त्या भाषांतराला सेप्टुआजिंट म्हणतात. उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात म्हातारा याकोब आपल्या लाडक्या योसेफाला, भाऊ आणि मेंढरं खुशाल आहेत का ते बघायला पाठवतो. हिब्रूमध्ये तिथे दोन सरळ आज्ञार्थ लागोपाठ आहेत : जा, बघ. ग्रीक भाषांतरकाराने पहिल्याचं धातुसाधित केलं आणि दुसरा आज्ञार्थ ठेवला : ‘पोरेउथेईस’ बघ. त्याच पुस्तकाच्या २७व्या अध्यायात रिबेका याकोबाला काहीतरी आणायला पिटाळते, तिथेही हाच प्रकार. म्हणजे ज्याच्यासमोर उघड आज्ञा होती त्या माणसाला ती धातुसाधितात घातली तर पातळ होईल असं वाटलं नाही. मत्तय या ग्रीकवर पोसलेला लेखक आहे. त्याच्या कानात ‘पोरेउथेन्तेस’ पुढे आज्ञार्थ आला की हुकूमच वाजत होता.

हा पुरावा सर ‘बघ, ही आज्ञाच आहे’ म्हणून मांडतील. तो तसा आहेच. पण त्यातून दुसरंही निघतं. त्या भाषांतरकाराने दोन आज्ञार्थांचं एक धातुसाधित आणि एक आज्ञार्थ केलं, कारण त्याच्या भाषेला तसं बोलणं सहज होतं. आपल्या भाषेलाही ते सहज आहे. मग मराठीने ते उलट फोडायचं कारण काय?

संस्कृत शिकलेल्यांना इथे ‘गत्वा’ आठवलं असेल. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात या रूपासाठी दोन अटी घातल्या आहेत : दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, आणि ही क्रिया आधीची हवी. आपल्या ‘ऊन’ने त्या बऱ्याचशा पाळल्या. ग्रीक ‘पोरेउथेन्तेस’ही इथे दोन्ही पाळतं. फरक इतकाच की ग्रीक शब्द लिंग, वचन, विभक्ती अंगावर वागवतो आणि ‘जाऊन’ अव्यय आहे. बायकांना सांगितलेलं ‘पोरेउथेईसाय’, पेत्राला सांगितलेलं ‘पोरेउथेईस’ आणि अकरा जणांना सांगितलेलं ‘पोरेउथेन्तेस’ मराठीत तिघांनाही ‘जाऊन’च होतं. शब्दशः भाषांतरातही एवढं सांडतं. ते क्रियापदाने आणि ‘तुम्ही’ने भरून काढावं लागतं.

जाता जाता एक गंमत. ग्रीक वाक्यात ‘पोरेउथेन्तेस’च्या लगेच पुढे जो छोटा शब्द येतो त्याचा उच्चार होतो ‘ऊन’. अर्थ ‘म्हणून’ किंवा ‘तेव्हा’. आपल्या प्रत्ययाशी त्याचं काडीचंही नातं नाही. पण मराठी विद्यार्थ्याने हे वाक्य पाठ करायचं ठरवलं तर ते विसरायची सोय नाही.

विद्यार्थ्याने इंग्रजीवर ठेवलेला ठपका बरोबर आहे का? बराचसा. लॅटिनची अडचण आणखी वेगळी होती. तिथे ‘जाणे’ या साध्या धातूला ‘गेलेला असून’ असं कर्तरी भूतकालीन धातुसाधितच नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सुधारलेल्या लॅटिन पाठात ‘एउन्तेस’ आहे, म्हणजे ‘जात असता’. १५८२ साली रॅंस इथे छापलेल्या कॅथलिक इंग्रजी नव्या कराराने त्यावरून ‘गोइंग’ केलं. ग्रीकवरून आलेल्या टिंडेलने १५२६मध्ये सरळ ‘गो’ लिहून ‘अँड’ने पुढची आज्ञा जोडली आणि १६११च्या किंग जेम्स आवृत्तीने तीच वाट धरली. शब्दाला शब्द ठेवण्याचा हट्ट धरला तो रॉबर्ट यंगने. हा एडिंबराचा मुद्रक. काही वर्षं सुरतेला मिशनच्या छापखान्यावर होता. १८६२च्या त्याच्या शब्दशः भाषांतरात ‘हॅविंग गॉन’ आहे. इंग्रजी वाचणारा तिथे ठेचकाळतो : गेले कधी? यंगने ग्रीक काळ सांभाळला आणि आज्ञा घालवली. टिंडेलने आज्ञा सांभाळली आणि वाक्याचा बांधा घालवला. सुरतेत असताना कुणा मराठी माणसाला यंगने विचारलं असतं, तर दोन्ही सांभाळणारा शब्द त्याला फुकट मिळाला असता. त्याच्या इंग्रजीत तो घालता आला नसता ही गोष्ट वेगळी.

या वाक्यातल्या क्रिया एकमेकींत कशा गुंतल्या आहेत याचा उपयोग एका माणसाने मोठ्या खुबीने केला. विल्यम केरी. १७९२ साली लेस्टरला छापलेल्या त्याच्या पुस्तिकेत तो ज्या समजुतीशी भांडतो ती अशी : ‘जा’ हे येशूने फक्त त्या अकरा जणांना सांगितलं, आपल्याला नाही. केरी म्हणतो, मग त्याच वाक्यातला बाप्तिस्माही त्यांच्यापुरताच होता असं म्हणा आणि तो देणं बंद करा. ते म्हणायला कुणी तयार नव्हतं. पुढच्याच वर्षी केरी बंगालला आला. सेरामपूरच्या त्याच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि मराठीतला मत्तय निघाला. त्याच्या मराठीमागे वैजनाथ पंडितांचं मोठं साहाय्य होतं. म्हणजे मराठीत छापलं गेलेलं पहिलं शुभवर्तमान नेमकं तेच, ज्याच्या शेवटच्या वाक्याने केरीला इथवर आणलं.

आता विद्यार्थ्याच्या तोल गेलेल्या परिच्छेदाकडे. ‘जाणं दुय्यम आहे हे मत्तयने व्याकरणात सांगितलं आहे’, असं तो म्हणतो. हे वाक्य त्याने स्वतःच दोन पानं आधी साखरेच्या उदाहरणाने खोडलं आहे. धातुसाधित व्याकरणाने मुख्य क्रियापदाच्या हाताखाली असतं, हे खरं. हाताखाली असणं म्हणजे कमी महत्त्वाचं असणं नव्हे. ‘औषध घेऊन झोप’ म्हणणारी आई झोपेला मुख्य क्रियापद देते, पण तिचा जीव औषधात अडकलेला असतो. वाक्यातली पायरी आणि बोलणाऱ्याच्या मनातलं वजन या दोन गोष्टी आहेत. व्याकरण पहिली सांगतं, दुसरी प्रसंगावरून ओळखावी लागते. मत्तयच्या प्रसंगात हे अकरा गालीली यहुदी आहेत, आणि दहाव्या अध्यायात त्यांना परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असं बजावलेलं होतं. आता सगळ्या राष्ट्रांचं नाव घेतलं आहे. जाण्याखेरीज ते शक्यच नाही. जाणं इथे चांगलंच वजनदार आहे.

दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटली. ‘ऊन’ नेहमीच मुख्य क्रियापदाचा हुकूम उचलतं असं नाही. ‘एवढं शिकून असं बोलू नकोस’, या वाक्यात शिकण्याची आज्ञा नाही. शिकणं झालेलं आहे, ते धरून पुढचं सांगितलं आहे. ‘इथवर येऊन उपाशी जाऊ नका’ यातही तेच. मग ओळखायचं कसं? बोललं जातं त्या क्षणी पहिली क्रिया झालेली आहे का, ते पाहायचं. झाली असेल तर ‘ऊन’ वस्तुस्थिती सांगतं, व्हायची असेल तर हुकमात सामील होतं. डोंगरावरचे अकरा जण अजून कुठेच गेलेले नाहीत. म्हणून इथे ‘जाऊन’ हुकमात सामील आहे. ही कसोटी विद्यार्थ्याने पत्रात घातली असती तर सरांना फार काही बोलायला उरलं नसतं.

आता पुढची दोन धातुसाधितं, ज्यांवर सरांनी रेघ ओढली नाही. तिथे मराठीत खरा धोका आहे. ‘बाप्तिझोन्तेस’ आणि ‘दिदास्कोन्तेस’ ही वर्तमान धातुसाधितं आहेत आणि मुख्य क्रियापदानंतर येतात. विद्यार्थ्याने ‘देत’ आणि ‘शिकवत’ केलं. पहिल्या शब्दावर जिंकलेला एखादा उत्साही विद्यार्थी सगळीकडे ‘ऊन’ लावत सुटला आणि ‘बाप्तिस्मा देऊन शिष्य करा’ असं लिहून बसला, तर? मग बाप्तिस्मा आधी आणि शिष्य होणं नंतर असा क्रम ठरतो. ‘शिष्य करून बाप्तिस्मा द्या’ लिहिलं तर क्रम उलटा. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा द्यावा, की आधी विश्वास धरलेल्यांनाच द्यावा, यावर ख्रिस्ती मंडळ्या शतकानुशतकं भांडत आल्या आहेत. केरी स्वतः दुसऱ्या पक्षाचा, बॅप्टिस्ट. ग्रीकने इथे आधी-नंतर काही सांगितलेलं नाही. भाषांतरकाराने एक ‘ऊन’ घातलं की तो नकळत एका पक्षात जाऊन बसतो. ‘देत’मध्ये तो धोका नाही. पण ‘बाप्तिस्मा देत, शिकवत शिष्य करा’ हे मराठी कानाला ‘हसत बोल’, ‘गात चाल’ यांच्या जातीचं लागतं, जणू एक क्रिया दुसरीची लकब आहे. म्हणूनच मराठी भाषांतरकारांनी इथे वाक्य तोडून ‘द्या’ आणि ‘शिकवा’ केलं असावं. क्रमाचा प्रश्न त्यांनी तसा उघडा ठेवला, आणि ते शहाणपणाचं झालं.

अशा निवडी भाषांतरकाराला पानोपानी कराव्या लागतात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल एकहाती मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरांची भाषा त्यांना संस्कृताने जड झालेली वाटत होती. साध्या बाईमाणसाला वाचता येईल असं मराठी त्यांना हवं होतं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं, आणि ते १९२४मध्ये छापून निघालं. ‘क्त्वा’ आणि ‘ऊन’ दोन्ही ज्यांच्या ओठांवर होते अशा त्या भाषांतरकार. ग्रीक धातुसाधितांची इतकी तयारी घेऊन नव्या कराराला भिडलेली माणसं कुठल्याही भाषेत थोडीच निघतील.

मी त्या पेपरचा परीक्षक असतो तर ‘जाऊन’खालची रेघ खोडली असती आणि गुण परत दिला असता. ‘बाप्तिस्मा देत’ला हात लावला नसता, पण समासात ‘मराठीत वाचून पाहा’ असं लिहिलं असतं. लाल रेघ ओढली असती ती पत्रातल्या ‘दुय्यम’ या शब्दाखाली.